आत्मकथनातील माणसांची नावे बदलताना: सोलापूरच्या एका जॉबरचे उदाहरण

मल्लप्पा म्हटले की घरी कन्नड बोलत असावेत, मल्लय्या म्हटले की बहुधा तेलुगू, आणि मल्हारराव म्हटले की मराठी, असा अंदाज सोलापूरचा माणूस पुढचे वाक्य ऐकण्याआधीच बांधून मोकळा होतो. अंदाज दर वेळी खरा ठरतो असे नाही. ‘य्या’ने संपणारी नावे कन्नड बोलणाऱ्या जंगम घरांतही सापडतात. तरीही शेवटच्या एका अक्षरावरून घरची भाषा, समाज आणि पुष्कळदा पेठसुद्धा ताडता येते अशा शहरात आपण राहतो. त्यामुळे आपल्या आठवणी लिहिणाऱ्या नवख्या लेखकापुढे इथे दुहेरी अडचण उभी राहते. मल्लय्याला ‘रमेश’ केले तर त्याची ओळख लपते, पण तो माणूस पानावरून नाहीसा होतो. आणि मल्लय्याला ‘पुल्लय्या’ करून बाकी सारे जसेच्या तसे ठेवले तर माणूस पानावर राहतो, पण त्याच्या गल्लीत तो कोण हे सर्वांना कळते.

यातून वाट कशी काढावी हे मी एकाच माणसाच्या आधाराने सांगणार आहे. माझे वडील कापडाच्या गिरणीत विणकाम खात्यात होते आणि त्यांच्या आठवणी लिहिताना त्या खात्यातील एका जॉबरला टाळणे शक्य नव्हते. जॉबर म्हणजे मागांच्या एका गटावरचा प्रमुख कामगार. कायम कामगार गैरहजर असला की त्याच्या जागी बदली कामगार घेतला जाई, आणि गेटवर उभ्या असलेल्या बदल्यांपैकी कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्यात जॉबरचा शब्द चाले. हा जॉबर त्या शब्दाची किंमत वसूल करी आणि वर त्याच लोकांना व्याजाने पैसेही देई. गिरणीचे नाव मी पुस्तकात लिहिले नाही आणि येथेही लिहीत नाही. पुढे येणारे ‘मल्लय्या’ हे त्याचे खरे नाव नव्हे आणि ‘राजय्या’ हे पुस्तकातलेही नाव नव्हे; दोन्ही नावे, त्यांच्यासोबतच्या वस्तू आणि त्याच्या घरातली नावे या लेखापुरती घेतली आहेत.

पहिली पायरी: नाव बदलण्याआधी माणसाची यादी करावी

बहुतेक नवे लेखक सुरुवातच नव्या नावापासून करतात आणि तिथेच फसतात. नाव सर्वांत शेवटी ठरवावे. आधी वहीचे एक पान घेऊन त्या माणसाविषयी आपण मजकुरात काय काय लिहिले आहे ते सर्व ओळीने उतरवावे. मल्लय्याच्या पानावर साधारण असे आले होते: पूर्व भागातील अमुक मंदिरामागची गल्ली, विणकाम खात्याचा जॉबर, गिरणीत लागल्याचे वर्ष, खिशात साखळीचे घड्याळ, त्यावरून पडलेले ‘घड्याळ मल्लय्या’ हे टोपणनाव, दोन बायका, मोठा मुलगा पुढे यंत्रमागाचा कारखानदार झाला, गड्ड्याच्या जत्रेत दर वर्षी एकाच ठिकाणी बसणे.

आता प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा: हे किती जणांना लागू पडेल? ‘पूर्व भागात राहणारा तेलुगू भाषक गिरणी कामगार’ हे वर्णन हजारोंना लागू पडते, म्हणून ते निर्धास्त ठेवता येते. ‘जॉबर’ म्हटले की संख्या एकदम खाली येते. ‘अमुक खात्याचा जॉबर, अमुक गल्लीत राहणारा, दोन बायकांचा’ एवढे एकत्र आले की एकच माणूस उरतो, मग त्याला कोणतेही नाव द्या. ओळख अशी दोन-तीन गोष्टींच्या जोडणीतून पटते, हे ज्याला एकदा कळले तो नावावर रात्री जागवत नाही.

कायद्यानेही हीच बाजू ओळखली आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचे नाव छापण्यास मनाई करणारे भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ (जुन्या दंड संहितेतील २२८-अ) केवळ नावावर थांबत नाही. ओळख उघड होईल अशी कोणतीही बाब छापणे हा त्या कलमाखाली गुन्हा ठरतो. आठवणीत असा प्रसंग असेल तर पेठ, नाते आणि साल हे तिन्ही काढून टाकावे आणि छापण्याआधी तेवढी पाने वकिलाला दाखवावीत.

दुसरी पायरी: कोणती गोष्ट गोष्टीसाठी काम करते ते ओळखावे

यादीतल्या ज्या ओळी धोक्याच्या आहेत त्या सरसकट पुसल्या तर हातात भुसा उरतो. म्हणून धोक्याच्या प्रत्येक ओळीसमोर ती मजकुरात काय काम करते ते लिहावे. माझी चूक नेमकी इथे झाली होती. पहिल्या खर्ड्यात मी नाव बदलले, गल्ली बदलली, पण घड्याळ ठेवले, कारण ते मला फार आवडत होते. (खरी वस्तू घड्याळ नव्हती; या लेखापुरते तसे समजावे.) तो खर्डा मी ओळखीच्या एका बाईंना वाचायला दिला. तिसऱ्या पानावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “हे तर आमचे आजोबा.” त्या त्याच्या नात आहेत हे मला ठाऊक नव्हते. नाव त्यांनी पाहिलेसुद्धा नव्हते. घड्याळाने काम केले होते.

मग मी घड्याळ त्या प्रसंगात काय करते ते पाहिले. गेटवर बदली कामगार उभे आहेत, भोंगा होऊन गेला आहे, आणि हा माणूस सावकाश घड्याळ काढतो, बघतो, परत ठेवतो, आणि तोपर्यंत कोणीही बोलत नाही. म्हणजे घड्याळाचे काम वेळ दाखवण्याचे नव्हते, लोकांना ताटकळत ठेवण्याचे होते. तेच काम करणारी दुसरी वस्तू शोधायची होती. छत्री सुचली होती, पण छत्री माणसाला उभे ठेवत नाही. शेवटी अडकित्ता सापडला: तो सुपारी कातरत राहतो, बारीक, आणखी बारीक, आणि तोंडात टाकल्याशिवाय कोणाचे नाव उच्चारत नाही. प्रसंगाचा ताण जसाच्या तसा राहिला. त्या काळी अडकित्ता बाळगणारे लोक घड्याळ बाळगणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, त्यामुळे बोट कोणा एकाकडे दाखवले जात नव्हते, हा वर नफा.

टोपणनावालाही हाच नियम लागू करावा. टोपणनाव हे खऱ्या नावापेक्षा जास्त ओळख देते, कारण ते पेठेने दिलेले असते आणि एकालाच दिलेले असते. ते तसेच ठेवून पाळण्यातले नाव बदलणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कोनाड्यात ठेवण्यासारखे आहे. ‘घड्याळ मल्लय्या’ गेला आणि ‘अडकित्ता राजय्या’ आला. नवे टोपणनावही नव्या वस्तूतूनच आले पाहिजे, नाहीतर वाचकाला ते चिकटवलेले वाटते.

दोन बायकांची ओळ मी काढून टाकली. ती गमतीदार होती, परंतु वडिलांच्या गोष्टीत तिचे काहीच काम नव्हते, आणि त्या दोन्ही घरांची मुले-नातवंडे याच शहरात आहेत.

तिसरी पायरी: नवे नाव त्याच कपाटातून काढावे

आता नावाकडे यावे. नव्या नावाने जुन्या नावाच्या तीन गोष्टी सांभाळायच्या असतात: भाषा, पिढी आणि उच्चाराचे वजन. जुन्या नावाचे पहिले अक्षर मात्र सांभाळू नये. आपल्याला सोपे जावे म्हणून ‘म’ला ‘म’ ठेवण्याचा मोह प्रत्येकाला होतो, आणि ओळखीचा वाचक नेमका तोच धागा आधी पकडतो.

भाषेचे वर सांगितलेच आहे. तेलुगू घरातल्या माणसाला ‘य्या’ने संपणारे नाव दिले की ते घर कानात उभे राहते, त्याच्या बायकोला ‘नरसव्वा’ म्हटले की स्वयंपाकघरही दिसते. पिढीकडे मात्र लोक फार दुर्लक्ष करतात. गिरणीच्या काळातल्या म्हाताऱ्याचे नाव राजय्या असू शकते. त्याच्या मुलाचे अंबादास किंवा श्रीनिवास शोभते. नातवाचे राजेश असायला हरकत नाही. हा उतार उलटा झाला की वाचकाला नेमके काय खटकते ते सांगता येत नाही, पण खटकते. नावे मिळवण्याचा माझा मार्ग जुन्या लग्नपत्रिका हा आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एखादी पत्रिका घेतली तर ‘आमचे येथे’पासून ‘निमंत्रक’पर्यंत एका समाजाच्या तीन पिढ्यांची नावे मिळतात. त्यातून पूर्ण नाव कधीही उचलू नये, फक्त पहिले नाव घ्यावे. पूर्ण नाव म्हणजे कोणीतरी खरा माणूस असतो.

आडनावाबाबत माझे स्पष्ट मत असे आहे की टाळता येत असेल तर टाळावे. तेलुगू पद्धतीत घराण्याचे नाव आधी येते आणि मराठी कागदावर ते शेवटी जाते. दोन्हीकडे ते मोजक्या कुटुंबांचे असू शकते. पेठेत माणसाला हाक मारताना आडनाव क्वचितच लागते. द्यायचेच झाले तर जिल्हाभर पसरलेले द्यावे. आणि वाईट वागलेल्या माणसाला आपल्या सोयीने दुसऱ्या समाजाचे नाव देऊ नये. माझ्या एका परिचितांनी भांडण नको म्हणून आपल्याच समाजातल्या सावकाराला परक्या समाजाचे आडनाव दिले होते. त्यामुळे एका माणसाचा दोष उचलून न केलेल्या लोकांच्या दारात ठेवला गेला.

उच्चाराचे वजन म्हणजे अक्षरांची संख्या आणि ठोका. ‘मल्लय्या’ आणि ‘राजय्या’ दोन्ही तीन अक्षरांची आणि दोन्हींत शेवटी जोर. संवादात हे जाणवते, आणि उखाण्यात तर फारच. समजा नरसव्वेच्या सुनेचा उखाणा मजकुरात आहे: ‘सिद्धेश्वराच्या तळ्यात कमळांची रास, अंबादासरावांचे नाव घेते तुमच्यासाठी खास.’ इथे ‘अंबादास’च्या जागी ‘राजू’ बसवला तर ओळ लंगडते, ‘श्रीनिवास’ बसतो. यमक ओळीच्या टोकाला आहे म्हणून बचावले. नाव टोकाला असते तर अख्खा उखाणा नवा रचावा लागला असता.

चौथी पायरी: घर एकदम बदलावे

मराठी पद्धतीच्या पूर्ण नावात बापाचे किंवा नवऱ्याचे नाव मधे बसलेले असते. तुम्ही मल्लय्याला राजय्या केले, पण शंभर पानांनंतर त्याच्या मुलाचा शाळेतला प्रसंग आला आणि मास्तरांनी हजेरीत ‘अंबादास मल्लय्या’ म्हटले, की सारी मेहनत वाया गेली. म्हणून नावे सुटी न बदलता घराघराने बदलावीत. एका कागदावर त्या घरातील सर्व माणसे, त्यांची नाती, जुनी नावे आणि नवी नावे लिहावीत. हीच आपली किल्ली. ती मजकुराच्या फाइलमध्ये किंवा त्याच ईमेलमध्ये ठेवू नये. माझी एका वहीत आहे आणि ती वही कपाटात आहे.

या कामाची मर्यादाही इथेच दिसते. मुखपृष्ठावर तुमचे नाव आहे, म्हणजे तुमची आई, वडील, नवरा किंवा बायको आणि सख्खी भावंडे यांची नावे बदलून काहीही झाकले जात नाही. दोनच बहिणी असतील तर ‘थोरली’ म्हटले तरी पुरे. अशा माणसांबाबत नाव बदलणे हा उपाय नाही. त्यांना ती पाने वाचून दाखवावीत, आणि त्यांनी नको म्हटले तर तो प्रसंग वगळावा किंवा पुस्तक टोपणनावाने काढावे.

उलट, सार्वजनिक इतिहासातील नावे बदलू नयेत. १९३०च्या मार्शल लॉचा उल्लेख करून १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना वेगळी नावे देणे हास्यास्पद ठरेल. शहर, गड्डा, तळे, भोंगा हे सर्व खरे राहू द्यावे. गल्ली आणि घर क्रमांक मात्र सोडून द्यावेत.

पाचवी पायरी: संगणकावर नाव बदलताना

हा भाग किरकोळ वाटतो, पण सर्वाधिक गमती इथेच होतात. ‘Ctrl+H’ दाबून जुने नाव आणि नवे नाव घातले आणि सर्व बदला म्हटले, की काम झाले असे वाटते. माझ्या मजकुरात एका शेजारणीचे नाव तारा होते आणि मी ते ‘पुष्पा’ केले. दुसऱ्या दिवशी वाचतो तर ‘म्हातारा’चा ‘म्हापुष्पा’ झाला होता, ‘सातारा’ शहराचे ‘सापुष्पा’ झाले होते, आणि विणकाम खात्याच्या प्रकरणात मागावर पुष्पा तुटत होत्या. ‘Find whole words only’ ही खूण केली तर हे टळते, परंतु मग ‘ताराला’, ‘ताराच्या’, ‘ताराने’ हे शब्द सापडत नाहीत, कारण मराठीत प्रत्यय शब्दाला जोडूनच येतो.

आडनावांचे तर रूपच पालटते. ‘शिंदे’ शोधले तर ‘शिंद्यांकडे’ सुटते. ‘कुलकर्णी’ शोधले तर ‘कुलकर्ण्यांनी’ सुटते. म्हणून नावाचा न बदलणारा भाग, म्हणजे ‘शिंद’ किंवा ‘कुलकर्ण’, शोधावा आणि सर्व एकदम न बदलता एकेक जागा पाहून बदलावी. व्यंकटेश, वेंकटेश अशी एकाच नावाची वेगवेगळी लेखनेही वेगळी शोधावी लागतात. याच कारणासाठी नवे नाव शक्यतो जुन्यासारख्याच स्वराने संपणारे निवडावे. ‘मल्लय्याने’चे ‘राजय्याने’ होताना एकही प्रत्यय दुरुस्त करावा लागला नाही.

शोध संपला की मजकूर एकदा छापून हाताने वाचावा, आणि ज्या जागा नेहमी विसरल्या जातात त्या मुद्दाम पाहाव्यात: छायाचित्राखालची ओळ, ऋणनिर्देश, अर्पणपत्रिका, आणि उद्धृत केलेले जुने पत्र. छायाचित्रात चेहरा असेल तर नाव बदलण्याला काही अर्थ उरत नाही. फाइलमध्ये बदलांची नोंद चालू राहिली असेल तर खोडलेले जुने नाव छापखान्यातील माणसाला दिसते. ते बदल कायम करून, बाजूच्या टिपा पुसून मगच फाइल द्यावी. हे सर्व मजकूर जुळणीला जाण्याआधी व्हावे. काही ठिकाणी जुळणी अजून युनिकोडबाहेरच्या फॉन्टमध्ये होते आणि मग तुमचा शोध तिथे चालत नाही.

सहावी पायरी: नवे नाव दुसऱ्याच कोणाचे नाही ना, हे पाहावे

काल्पनिक नावही गोत्यात आणू शकते. इंग्लंडमध्ये एका वृत्तपत्राने ‘आर्टेमस जोन्स’ या कल्पित माणसाविषयी थट्टेचा मजकूर छापला. त्याच नावाचा एक खरा बॅरिस्टर निघाला, त्याने दावा केला, आणि १९०९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला मिळालेली १,७५० पौंडांची भरपाई कायम केली. आपल्याकडे अब्रूनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येते. नवख्यांना त्यातल्या दोन गोष्टी ठाऊक नसतात. मृत माणसाविषयीचा मजकूर त्याच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलेला असेल तर तोही त्यात बसू शकतो; आणि फौजदारी प्रकरणात मजकूर खरा असणे एवढेच पुरत नाही, तो प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

म्हणून नवे नाव, धंदा आणि शहर ही तिन्ही एकत्र घेऊन इंटरनेटवर शोधावे, आणि त्या खात्यात काम केलेल्या एखाद्या जुन्या माणसाला कारण न सांगता सहज विचारावे: “राजय्या नावाचा कोणी जॉबर होता का हो?” उत्तर होकारार्थी आले तर नाव टाकून द्यावे. पुस्तकाच्या सुरुवातीला एवढे लिहावे: ‘या पुस्तकातील काही व्यक्तींची नावे आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.’ कोणाची बदलली हे लिहू नये. ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ असेही लिहू नये. ते खोटे आहे आणि आत्मकथनावर शोभत नाही.

शेवटचे वाचन त्याच पेठेतल्या, त्याच वयाच्या माणसाकडून करवून घ्यावे, आणि त्याला फक्त एक विचारावे: हा कोण वाटतो? त्याने खरे नाव घेतले तर पुन्हा पहिल्या पायरीवर जावे. त्याने ठामपणे एका चुकीच्या माणसाचे नाव घेतले तर तेही तितकेच वाईट, कारण आपण एका निर्दोष माणसाला गेटवर उभे केलेले असते; कोणता तपशील त्याच्याकडे बोट दाखवतो ते शोधून बदलावे. माझा दुसरा खर्डा वडिलांच्या खात्यातल्या एका निवृत्त कामगाराने वाचला. दोन दिवसांनी पाने परत करताना ते म्हणाले, “हा अमका असेल. नाहीतर तो तमका. किंवा तो, दुसऱ्या पाळीचा.” तिन्ही नावे त्यांनी घेतली, तिघांत त्यांचा निर्णय होईना, आणि तिघांपैकी एकही तो नव्हता. त्याच आठवड्यात मी फाइल जुळणीला दिली.